टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी लांबलेली एपीटीटी

वर्षातून सहा-सात वेळा घसा धरतो, ताप येतो, अँटिबायोटिक्सचे कोर्स होतात. रात्री मूल तोंड उघडं ठेवून घोरतं, मध्येच श्वास अडकून दचकून उठतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर टॉन्सिल काढायला सांगतात, शाळेच्या सुट्टीतली तारीख ठरते, ऑपरेशनपूर्वीच्या रक्ततपासण्या होतात आणि रिपोर्टात एकच ओळ ठळक अक्षरांत छापून येते. पीटी, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, 12.6 सेकंद, आयएनआर 1.0, अगदी नॉर्मल. पण एपीटीटी 58 सेकंद, आणि त्या लॅबची वरची मर्यादा 36. भूलतज्ज्ञ फिटनेस द्यायला नकार देतात, ऑपरेशन पुढे जातं आणि त्या रात्री आईवडील मोबाइलवर शोधत ‘हिमोफिलिया’ या शब्दापाशी येऊन थांबतात.

या लेखापुरतं असंच एक मूल समोर ठेवू. सात वर्षांचा मुलगा, वर दिलेले आकडे त्याचेच. त्याच्या रिपोर्टातल्या 58 या आकड्यामागे काहीच नसू शकतं, तात्पुरतं आणि निरुपद्रवी काही असू शकतं किंवा खरोखर जपावं लागेल असं काही असू शकतं. यातलं काय आहे, हे बहुतेक वेळा चार-पाच तपासण्यांत ठरवता येतं. मात्र त्या योग्य क्रमाने व्हायला हव्यात.

एपीटीटी नेमकी काय मोजते, ते आधी पाहू. निळ्या झाकणाच्या नळीत सोडियम सायट्रेट असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. लॅबमध्ये ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करतात. त्यात फॉस्फोलिपिड म्हणजे एक स्निग्ध द्रव्य आणि सिलिकासारखी बारीक पूड घालून 37 अंशांवर काही मिनिटं ठेवतात. मग कॅल्शियम घालतात आणि गुठळी होईपर्यंतचे सेकंद मोजतात. पूड घालण्याची युक्ती 1961 मध्ये प्रॉक्टर आणि रॅपापोर्ट यांनी रूढ केली. त्याआधी गोठण्याची सुरुवात नळीच्या काचेवर अवलंबून असायची आणि निकाल कमीजास्त व्हायचे.

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि रोमन आकड्यांनी ओळखतात. पीटीमध्ये फॅक्टर सातपासून सुरू होणारा रस्ता तपासला जातो. एपीटीटीमध्ये बारा, अकरा, नऊ आणि आठ यांच्यातून जाणारा. शेवटचा टप्पा, म्हणजे दहा, पाच, दोन आणि फायब्रिनोजेन, दोन्हींत सामाईक आहे. म्हणून पीटी नॉर्मल आणि एपीटीटी लांबलेली असं दिसलं की शोधाचं क्षेत्र एकदम लहान होतं. यकृताचा मोठा आजार किंवा ‘के’ जीवनसत्त्वाची कमतरता असती, तर पीटी आधी बिघडली असती. आता उरतात बारा, अकरा, नऊ, आठ हे चार फॅक्टर, त्यांच्या जोडीची दोन कमी परिचित प्रथिनं आणि तपासणीतच अडथळा आणणारं एखादं द्रव्य.

पण त्याही आधी नळीकडे पाहायला हवं. सायट्रेट आणि रक्ताचं प्रमाण एकास नऊ असावं लागतं. नळीवर रेघ असते आणि रक्त त्या रेघेपर्यंत भरलं तरच हे प्रमाण जमतं. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाची शीर सापडत नाही. दोनदा टोचून जेमतेम अर्धी नळी भरते आणि ‘चालेल’ म्हणून ती तशीच पुढे जाते. अर्ध्या नळीत सायट्रेट प्रमाणाबाहेर होतं. लॅबने घातलेलं कॅल्शियमही ते खाऊन टाकतं आणि एपीटीटी खोटीच लांबते. सलाइनची सुई लावून ती हेपॅरिनने धुतली असेल आणि रक्त तिच्यातूनच घेतलं असेल, तर हेपॅरिनचा अंश एपीटीटी लांबवतो. नमुना किती वेळ पडून राहिला, हेही महत्त्वाचं असतं. साधारण चार तासांत तपासणी व्हायला हवी, कारण फॅक्टर आठ नाजूक आहे आणि वेळ जाईल तसा कमी होत जातो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त संध्याकाळी शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये पोचत असेल, तर हा प्रश्न विचारायलाच हवा. प्लाझ्मा लगेच वेगळा करून गोठवून पाठवला असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणून पहिली पायरी साधी: शांतपणे, ताज्या शिरेतून, रेघेपर्यंत भरलेली नवी नळी. फरक दोन-तीन सेकंदांचाच होता, तर गोष्ट अनेकदा इथेच संपते. लॅबची नॉर्मल मर्यादा निरोगी लोकांच्या रक्तावरून ठरवतात आणि त्यातली मधली 95 टक्के माणसं ‘नॉर्मल’ धरतात. याचा अर्थ शंभरातली दोन-तीन अगदी धडधाकट माणसं वरच्या रेघेपलीकडे असणारच. पण आपल्या मुलाचा आकडा 58 आहे, आणि नवा नमुना 55 देतो. थ्रॉम्बिन टाइम ही वेगळी तपासणी नॉर्मल येते, म्हणजे हेपॅरिनचा संशयही मिटतो. एपीटीटी खरोखरच लांबलेली आहे.

आता मिक्सिंग स्टडी. या सगळ्या शोधातली सर्वांत देखणी तपासणी हीच, आणि तिला लागतं काय? दुसऱ्यांचा प्लाझ्मा. वीसेक निरोगी माणसांचा प्लाझ्मा एकत्र करून ठेवलेला असतो. मुलाचा प्लाझ्मा आणि हा नॉर्मल प्लाझ्मा समसमान मिसळायचा आणि एपीटीटी पुन्हा करायची.

मुलाच्या रक्तात एखादा फॅक्टर अजिबातच नाही असं धरलं, तरी निम्मा नॉर्मल प्लाझ्मा घातल्यावर मिश्रणात त्याचं प्रमाण 50 टक्के होतं. एपीटीटी लांबायला फॅक्टर साधारण 30 ते 40 टक्क्यांच्या खाली जावा लागतो. म्हणजे नुसती कमतरता असेल, तर 50 टक्के पुरेसे ठरतात आणि आकडा नॉर्मलवर येतो. याला ‘करेक्ट झालं’ म्हणतात. उलट मुलाच्या रक्तात गोठण्याला अडवणारं द्रव्य असेल, तर ते नॉर्मल प्लाझ्मालाही अडवतं. आकडा थोडा उतरतो, पण नॉर्मलला येत नाही. काही अँटिबॉडी सावकाश काम करतात. म्हणून तेच मिश्रण 37 अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा मोजतात. लगेच नॉर्मल आणि दोन तासांनी लांबलेलं असेल, तर फॅक्टर आठविरुद्धच्या अँटिबॉडीचा संशय येतो. पूर्वी उपचार न झालेल्या मुलांत ती फार दुर्मीळ असते, पण असली तर धोकादायक असते.

दोन रक्तं मिसळून पाहण्याची ही कल्पना जुनी आहे. 1947 मध्ये ब्युनोस आयर्समध्ये पाव्लोव्स्की यांना दिसलं की एका हिमोफिलिया रुग्णाचं रक्त दुसऱ्या हिमोफिलिया रुग्णाच्या रक्तात मिसळलं की दोन्ही नीट गोठतात. दोघांचा आजार एकच असता, तर हे शक्य नव्हतं. पुढे ऑक्सफर्डच्या चमूने 1952 मध्ये स्टीफन ख्रिसमस नावाच्या पाच वर्षांच्या मुलाच्या आजाराचं वर्णन केलं. त्याच्यात फॅक्टर नऊ कमी होता. या प्रकाराला आजही ख्रिसमस डिसीझ किंवा हिमोफिलिया बी म्हणतात. आठ कमी असणारा तो हिमोफिलिया ए.

आपल्या मुलाचं मिश्रण लगेच 46 सेकंद येतं आणि दोन तासांनी 47. नुसत्या नॉर्मल प्लाझ्माची एपीटीटी 31. करेक्ट झालं नाही. म्हणजे अडवणारं काहीतरी आहे.

टॉन्सिलसाठी आलेल्या मुलांमध्ये हा निकाल वरचेवर दिसतो आणि त्याचं कारण त्यांच्या घशातच असतं. वारंवार संसर्ग झाला, विशेषतः विषाणूंचा, की शरीर काही अँटिबॉडी बनवतं आणि त्यातल्या काही फॉस्फोलिपिडशी जोडलेल्या प्रथिनांना चिकटतात. लॅबच्या नळीत फॉस्फोलिपिड मोजकंच घातलेलं असतं. ते अँटिबॉडींनी व्यापलं की गुठळी व्हायला वेळ लागतो. मुलाच्या शरीरात जखम होते, तेव्हा प्लेटलेट्सच्या पृष्ठभागावर फॉस्फोलिपिडची कमी नसते आणि गुठळी वेळेवर होते. या द्रव्याला लुपस अँटिकोआग्युलंट म्हणतात. रिपोर्टात ‘लुपस’ वाचून आईवडिलांच्या पोटात गोळा येतो, पण अशा मुलाला लुपस हा आजार असतोच असं मुळीच नाही, आणि या अँटिबॉडीमुळे सहसा रक्तस्राव होत नाही. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती आपोआप नाहीशी होते.

पण अंदाजावर थांबून चालत नाही. यासाठी डीआरव्हीव्हीटी ही तपासणी आहे. तिच्यात रसेल्स व्हायपर या सापाचं, म्हणजे आपल्याकडच्या घोणसाचं, पातळ केलेलं विष वापरतात. हे विष थेट फॅक्टर दहाला चालना देतं. त्यामुळे बारा, अकरा, नऊ, आठ यांचा प्रश्नच उरत नाही. आधी थोड्या फॉस्फोलिपिडवर तपासणी करायची, मग भरपूर फॉस्फोलिपिड घालून पुन्हा. भरपूर घातल्यावर आकडा नॉर्मलकडे आला, तर अडवणारं द्रव्य फॉस्फोलिपिडवरच अवलंबून आहे हे ठरतं. आपल्या मुलात तेच होतं. या तपासणीसाठी प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट्स जवळजवळ काढून टाकाव्या लागतात. नाहीतर त्यांचंच फॉस्फोलिपिड मिसळतं आणि असलेली अँटिबॉडी लपून जाते.

तरीही आठ, नऊ, अकरा मोजायचेच, कारण अँटिबॉडीच्या आड खरी कमतरता दडलेली असू शकते. इथे एक फसवी जागा आहे. फॅक्टर मोजण्याची नेहमीची पद्धत एपीटीटीवरच आधारलेली असते, म्हणून तीच अँटिबॉडी इथेही अडथळा आणते आणि तीन-चार फॅक्टर एकदम कमी दिसतात. एकाच मुलात आठ, नऊ आणि अकरा असे तिन्ही जन्मतः कमी असणं जवळजवळ अशक्य. चांगली लॅब प्लाझ्मा आणखी पातळ करत पुन्हा मोजते. आपल्या मुलाचा फॅक्टर आठ पहिल्या पातळीवर 42 टक्के, दुप्पट पातळ केल्यावर 68, चौपट केल्यावर 96 येतो. अँटिबॉडी विरळ होत गेली आणि खरा आकडा वर आला. खरी कमतरता असती, तर तिन्ही वेळा साधारण तोच आकडा आला असता.

यापुढचा निर्णय आकड्यांपेक्षा मुलावर ठरतो. पीटी नॉर्मल आहे, प्लेटलेट्स पुरेशा आहेत, फॅक्टर नीट आहेत आणि रक्तस्रावाचा काही इतिहास नाही. अशा मुलाचं ऑपरेशन एपीटीटी नॉर्मल होईपर्यंत थांबवायलाच हवं असं नाही. नुसत्या घसादुखीसाठी ऑपरेशन असेल, तर अनेक डॉक्टर बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून पुढे जाणं पसंत करतात. पण टॉन्सिलमुळे झोपेत श्वास थांबत असेल, तर एका निरुपद्रवी अँटिबॉडीसाठी मुलाला महिनोन्महिने तसं ठेवणं हेच नुकसान आहे. आकडा सुधारावा म्हणून ऑपरेशनआधी एफएफपी, म्हणजे दात्यांचा प्लाझ्मा, देण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. अशा मुलाला त्याचा काही उपयोग नाही, ॲलर्जी आणि संसर्गाची जोखीम मात्र पदरात पडते. एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. क्वचित लुपस अँटिकोआग्युलंटबरोबर फॅक्टर दोनही कमी होतो आणि तेव्हा खरोखर रक्तस्राव होतो. त्यात पीटीही लांबते. आपल्या मुलाची नॉर्मल पीटी इथे पुन्हा कामी येते. बारा आठवड्यांनंतरही अँटिबॉडी टिकून राहिली, तर मात्र रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठपुरावा ठेवावा. कारण टिकणारी अँटिबॉडी काही जणांत उलट नको तिथे गुठळ्या करते.

आता दुसरी वाट पाहू. मिश्रण करेक्ट झालं असतं तर?

तर चारही फॅक्टर एकेक करून मोजायचे. इथे आकडा आणि धोका यांचं नातं किती सैल आहे, हे फॅक्टर बाराच्या गोष्टीतून कळतं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात जॉन हेगमन नावाचा रेल्वेचा ब्रेकमन पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाला. ऑपरेशनपूर्व तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठेचना. पण रक्तस्रावाचा कसलाही त्रास त्याला आयुष्यात झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ यांनी 1955 मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि त्याच्यात नसलेल्या प्रथिनाला हेगमन फॅक्टर, म्हणजेच फॅक्टर बारा, असं नाव मिळालं. हेगमन 1968 मध्ये वारला. पडून हाड मोडल्यानंतर फुफ्फुसात गुठळी गेली होती. ज्याचं रक्त लॅबमध्ये गोठत नव्हतं, त्याच्या अंगात ते नको तेव्हा गोठलं होतं. बारा हा फॅक्टर काचेवर किंवा सिलिकावर गोठण्याची सुरुवात करतो. जखमेत ती सुरुवात वेगळ्या रस्त्याने होते. म्हणून एपीटीटी शंभर सेकंदांच्या पलीकडे गेली आणि कारण फक्त फॅक्टर बारा असेल, तर टॉन्सिलचं ऑपरेशन नेहमीसारखं करता येतं. फक्त तसं पत्र मुलाच्या फाइलमध्ये कायम ठेवावं, म्हणजे पुढच्या प्रत्येक ऑपरेशनला हीच धावपळ नको.

फॅक्टर अकरा बरोबर उलट वागतो. एपीटीटी फारशी लांबलेली नसते, पण रक्तस्राव होतो, आणि तो मुख्यतः तोंडात आणि घशात. 1953 मध्ये रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी ज्या कुटुंबात हा विकार ओळखला, त्यात दात काढल्यावर आणि टॉन्सिल काढल्यावर रक्त थांबेना, हेच लक्षण होतं. लाळेत आणि घशाच्या अस्तरात गुठळी विरघळवणारी द्रव्यं भरपूर असतात आणि त्यांच्यापुढे टिकणारी घट्ट गुठळी व्हायला फॅक्टर अकरा लागतो. त्यात टॉन्सिलची जखम टाके घालून बंद करत नाहीत, ती उघडीच भरून येते. पहिल्या चोवीस तासांत रक्त येऊ शकतं आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, जखमेवरची पांढरी खपली सुटते तेव्हा. म्हणून फॅक्टर अकरा किंवा आठ थोडा कमी असणाऱ्या मुलाला ऑपरेशनच्या दिवशी एकदा औषध देऊन भागत नाही. ट्रॅनेक्झामिक ॲसिडसारखं गुठळी टिकवणारं औषध आणि गरजेप्रमाणे फॅक्टर, हे दहाव्या दिवसापर्यंतच्या हिशेबाने आखावं लागतं. तोवर गावी परतायची घाई करायची नाही. मुलगा सारखं गिळताना दिसला तर टॉर्च लावून घसा पाहायचा, कारण लहान मुलं रक्त थुंकत नाहीत, गिळून टाकतात.

या सगळ्या लॅबच्या कामाआधी पाच मिनिटं बोलण्याची एक तपासणी असते, आणि ती अनेकदा घाईत राहून जाते. नाळ पडताना रक्त वाहिलं होतं का? कान टोचताना? लसीच्या जागी मोठी गाठ आली होती का? दुधाचे दात पडल्यावर दुसऱ्या दिवशीही उशीला रक्त होतं का? नाकातून रक्त येतं तेव्हा नाक दाबून धरूनही दहा मिनिटांत थांबत नाही, असं होतं का? आईची पाळी किती दिवस, किती जोरात? आणि मामा. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो, म्हणून ‘मामाला सांध्यात रक्त उतरायचं’ हे एक वाक्य एपीटीटीच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जातं. प्रत्येक मुलाची सरसकट एपीटीटी करण्यापेक्षा हा इतिहास नीट घ्यावा, असं ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञांच्या 2008च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामागे अनुभव आहे. सरसकट तपासणीत सापडणाऱ्या लांब एपीटीटींपैकी बऱ्याच अशाच निरुपद्रवी निघतात.

आणि याची दुसरी बाजू जास्त काळजीची आहे. एपीटीटी नॉर्मल आली म्हणून रक्तविकार नाही, असं होत नाही. सर्वांत जास्त आढळणारा जन्मजात रक्तस्रावाचा विकार म्हणजे व्हॉन विलेब्रांडचा आजार. 1926 मध्ये फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी आलांड बेटांवरच्या एका कुटुंबातला तो आजार प्रसिद्ध केला. त्याच्या सौम्य प्रकारात पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. त्यासाठी व्हॉन विलेब्रांड फॅक्टरचं प्रमाण आणि त्याचं काम वेगळं मोजावं लागतं. तेही एकदाच मोजून पुरत नाही. हे प्रथिन ताप, संसर्ग, रडणं आणि भीती यांनी वाढतं. सुई पाहून किंचाळणाऱ्या मुलाच्या रक्तात ते खरं नसतानाही नॉर्मल भरतं. ओ रक्तगटाच्या लोकांत ते मुळातच थोडं कमी असतं, म्हणून उलटी चूकही होते. इतिहास बोलका असेल, तर मूल पूर्ण बरं असताना काही आठवड्यांच्या अंतराने दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही नमुना घ्यावा लागतो. अशा तपासण्या प्रत्येक जिल्ह्यात होत नाहीत. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था, जिला सगळे एनआयआयएच म्हणून ओळखतात, ही अशा कामासाठी देशभर माहीत असलेली जागा. तिथे किंवा अन्य मोठ्या केंद्रात जाताना आधीचे सगळे रिपोर्ट, त्यांच्यावरच्या नॉर्मल मर्यादांसकट, सोबत न्यावेत. प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं असतं. एका लॅबचे 38 सेकंद दुसऱ्या लॅबमध्ये नॉर्मल असू शकतात, आणि नुसत्या आकड्यावरून समोरच्या डॉक्टरला ते कळायला मार्ग नसतो.